दोन कप्प्यांच्या मध्ये हरवलेलं पत्र

२७ फेब्रुवारी २०११ च्या रविवारी काही जीमेलधारकांनी आपलं खातं उघडलं, तर आत एकही पत्र नव्हतं. ही खाती एकूण खात्यांच्या ०.०२ टक्के होती. पत्रांच्या प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरांत होत्या. पण साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमधला दोष अनेक प्रतींना एकदमच भोवला. पत्रं अखेर परत आली ती चुंबकीय टेपवरून. टेप यंत्रणेपासून सुटी ठेवलेली होती, एवढ्यानंच ती वाचली.

पण सुटी प्रत काढली तरी ती पूर्ण असेलच असं नाही. डव्हकॉटसारख्या मेल सर्व्हरवर प्रचलित असलेली मेलडिर पद्धत पाहा. तिच्यात प्रत्येक पत्र ही एक फाइल असते. न पाहिलेलं पत्र `new` या फोल्डरात पडतं. मेलबॉक्स उघडली की ते `cur` मध्ये सरकतं. समजा, रात्री बॅकअपच्या प्रोग्रामनं आधी `cur` ची यादी केली. तेवढ्यात कुणी मेल उघडलं आणि दहा पत्रं तिकडे गेली. मग प्रोग्राम `new` कडे वळला, तर ती तिथेही नाहीत. सर्व्हरवर पत्रं शाबूत, बॅकअपमध्ये मात्र गायब! अशा वेळी तक्रारही होतेच असं नाही. यादीत आलेली फाइल कॉपी होण्याआधी हलली, तरच `rsync` २४ क्रमांकाचा इशारा देतो. आणि ‘हे रोजचंच’ म्हणून तोही दुर्लक्षिला जातो.

यावर उपाय स्नॅपशॉटचा. एलव्हीएम किंवा झेडएफएस एका क्षणी अख्खा व्हॉल्यूम जसा आहे तसा धरून ठेवतात. सर्व्हर चालूच राहतो आणि कॉपी त्या थिजलेल्या चित्रावरून सावकाश होते. पत्रं एका व्हॉल्यूमवर आणि इंडेक्स दुसऱ्यावर असतील, तर दोन्ही स्नॅपशॉट एकाच क्षणाचे हवेत. डव्हकॉटच्या एमडीबॉक्स पद्धतीत तर ‘वाचलेलं’ ही खूण फक्त इंडेक्समध्येच असते. शिवाय स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की तोही जातो. म्हणून त्यावरून काढलेली प्रत दुसरीकडे हलवायलाच हवी.

आता परीक्षा. महिन्यातून एकदा एखादी मेलबॉक्स वेगळ्या यंत्रावर उतरवून विचारायचं:

```
doveadm mailbox status -u test "messages uidvalidity" '*'
```

पत्रांची संख्या स्नॅपशॉटमधल्या संख्येशी जुळायला हवी. चालू सर्व्हरशी नव्हे, तिथे दरम्यान नवी पत्रं आलेली असतात. `uidvalidity` मात्र चालू सर्व्हरवर आहे तोच हवा. `dovecot-uidlist` ही फाइल बॅकअपमधून सुटली असेल तर तो आकडा बदलतो. मग प्रत्येकाचा फोन मेलबॉक्स नवीच समजून सगळी पत्रं पुन्हा उतरवू लागतो.

घड्याळही लावावं. २०० जीबी टपाल १०० मेगाबिटच्या जोडणीवरून यायला किमान साडेचार तास लागतात. लाखो बारक्या फायली असल्या तर त्याहूनही जास्त. कार्यालय एवढं थांबू शकत नसेल, तर आधी रिकामी मेलबॉक्स सुरू करून नवं टपाल आत घ्यायचं आणि जुनं मागून भरत राहायचं.