दरवर्षी पंधरा पैसे : वाढत्या दराच्या कराराचे आजचे मोल

दीर्घ मुदतीच्या पुरवठा करारात पहिल्या वर्षाचा दर ठरवला जातो आणि पुढे तो कसा वाढेल, हेही त्याच वेळी लिहून ठेवले जाते. या दुसऱ्या भागाला दरवाढीचे कलम म्हणतात. महाराष्ट्रातील पवनऊर्जेच्या करारांत त्याचे स्पष्ट उदाहरण सापडते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2003 साली नव्या पवनऊर्जा प्रकल्पांसाठी पहिल्या वर्षी युनिटला 3 रुपये 50 पैसे आणि त्यानंतर दरवर्षी 15 पैसे वाढ, असा तेरा वर्षांचा दर ठरवला. या हिशेबाने तेराव्या वर्षी दर 5 रुपये 30 पैशांवर पोहोचतो.

ही वाढ ठरावीक रकमेची आहे, टक्क्यांची नाही. पहिली 15 पैशांची वाढ 3.50 रुपयांवर सुमारे 4.3 टक्के पडते, तर शेवटची वाढ 5.15 रुपयांवर जेमतेम 2.9 टक्के. करारात दरवर्षी 4.3 टक्के चक्रवाढ पद्धतीने वाढ असती, तर तेराव्या वर्षीचा दर सुमारे 5.80 रुपये झाला असता. म्हणून वाढ ठरावीक रकमेची आहे की टक्केवारीची, आणि टक्केवारीची असल्यास ती मूळ दरावर की आदल्या वर्षीच्या दरावर, हे कलमात निःसंदिग्ध असावे लागते.

या वाढीचे खरे मोल काढायचे तर प्रत्येक वर्षीचे उत्पन्न आजच्या रुपयांत आणावे लागते. पुढे मिळणाऱ्या रकमेतून मधल्या काळाचा परतावा वजा केला की उरते ते तिचे वर्तमान मूल्य. ज्या दराने ही वजावट होते तो वटाव दर. तो 10 टक्के धरला, तर तेराव्या वर्षाच्या अखेरीस मिळणारा एक रुपया आज सुमारे 29 पैशांचा ठरतो. त्या वर्षी दरात साठलेली 1 रुपया 80 पैशांची वाढ आज फक्त 52 पैशांची उरते.

समजा, एक पवनचक्की वर्षाला 10 लाख युनिट वीज देते आणि पैसे वर्षअखेरीस मिळतात. दर 3.50 रुपयांवरच थांबला असता, तर तेरा वर्षांत 455 लाख रुपये मिळाले असते. वाढीच्या कलमामुळे ही रक्कम 572 लाख होते. म्हणजे कागदावर 117 लाखांचा फायदा दिसतो. 10 टक्के वटाव दराने मात्र स्थिर दराचे वर्तमान मूल्य सुमारे 249 लाख आणि वाढत्या दराचे सुमारे 299 लाख येते. फरक 50 लाखांचा, म्हणजे कागदावरच्या फायद्याच्या निम्म्याहून कमी. वाढीचा मोठा भाग शेवटच्या वर्षांत येतो, म्हणून तोच वटावात सर्वाधिक झिजतो.

तेरा वर्षांच्या दरांची साधी सरासरी 4.40 रुपये आहे. पण तेवढेच वर्तमान मूल्य देणारा स्थिर दर 4.20 रुपये निघतो. त्याला समतुल्य दर म्हणतात. दोन करारांची तुलना याच दराने करावी, सरासरीने नव्हे. वाढता दर पहिली पाच वर्षे 4.20 रुपयांच्या खाली राहतो आणि सहाव्या वर्षी 4.25 रुपयांवर जातो. कर्जाचे हप्ते बहुधा याच सुरुवातीच्या वर्षांत जड असतात, त्यामुळे रोख कमी पडू शकते. ज्याचे भांडवल महाग आहे त्याला ही वाढ आणखी कमी मोलाची. वटाव दर 14 टक्के धरल्यास वाढीचे वर्तमान मूल्य 50 लाखांवरून 37 लाखांवर येते.

महागाईचा हिशेब यातच मोडतो. महागाई दरवर्षी 5 टक्के राहिली, तर तेराव्या वर्षीच्या 5.30 रुपयांची खरेदीशक्ती पहिल्या वर्षीच्या 2.95 रुपयांएवढीच असेल. म्हणजे दर वाढत असूनही वस्तुतः घसरतो. काही करारांत म्हणूनच दर घाऊक किंमत निर्देशांकाशी जोडतात. तेव्हा कोणता निर्देशांक, कोणता आधार महिना आणि वाढीची कमाल मर्यादा किती, हे नोंदवावे लागते. हिशेबात नेहमीची चूक इथेच होते: उत्पन्न वाढत्या रुपयांत मोजायचे आणि वटाव दर मात्र महागाई वगळून धरायचा. त्याने वर्तमान मूल्य फुगते. दोन्हींत महागाई धरावी किंवा दोन्हींतून वगळावी.

आणखी एक धोका खरेदीदाराकडून येतो. करारातला दर चढत जातो, पण बाजारात नवी वीज स्वस्त होऊ शकते. 2017 साली राजस्थानातील भडला येथील सौर प्रकल्पांच्या लिलावात दर 2.44 रुपयांवर उतरला. आंध्र प्रदेश सरकारने 2019 साली जुन्या पवन व सौर करारांचे दर कमी करण्यासाठी फेरवाटाघाटीचा आग्रह धरला आणि प्रकरण न्यायालयात गेले. शेवटच्या वर्षांत येणारे उत्पन्न असे धोक्यात असेल, तर त्याला अधिक वटाव दर लावणे योग्य ठरते. तसे केल्यास समतुल्य दर 4.20 रुपयांहून खाली येतो.