अहवालातला आलेख कानांनी वाचताना

दृष्टिहीन वाचक संगणकावरचा अहवाल स्क्रीन रीडरच्या मदतीने वाचतात. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला ‘एनव्हीडीए’ हा त्यातला मोफत मिळणारा आणि आपल्याकडे बराच वापरला जाणारा स्क्रीन रीडर. तो परिच्छेदामागून परिच्छेद वाचत जातो आणि चित्र आलं की ‘ग्राफिक’ असं म्हणून त्या चित्रामागे लिहिलेला मजकूर वाचतो. हाच ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचा पर्यायी मजकूर. तो डोळ्यांना पानावर दिसत नाही, त्यामुळे अहवाल छापायला जाईपर्यंत त्याची आठवण कुणाला होत नाही. तो नसेल तर वाचकाला नुसतं ‘ग्राफिक’ ऐकू येतं. कधी फाइलचं नाव ऐकू येतं, तर कधी काहीच नाही.

हल्ली बऱ्याच अहवालांत ऑल्ट टेक्स्ट असतो, पण त्यात ‘आलेख’, ‘साक्षरतेचा आलेख’, ‘शाळेचा फोटो’ एवढंच लिहिलेलं असतं. तपासणीचं सॉफ्टवेअर ते पाहून समाधानी होतं, कारण रकाना भरलेला आहे की रिकामा, एवढंच ते पाहतं. वाचकाच्या हाती मात्र काही लागत नाही. वेबवरच्या सुगम्यतेचे जागतिक निकष ‘डब्ल्यूसीएजी’ या नावाने ओळखले जातात. त्यांतला १.१.१ हा अगदी पहिला निकष सांगतो की, चित्र जे काम करतं तेच काम पर्यायी मजकुराने करावं. म्हणून लिहायला बसण्याआधी हे चित्र या पानावर कशासाठी आलं आहे, ते ठरवायला हवं.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, मुलींच्या शिक्षणावरचा एक अहवाल आहे. त्यात महाराष्ट्रातल्या साक्षरतेचा रेषालेख आहे. जनगणना सात वर्षं आणि त्यावरील वयाच्या लोकांची साक्षरता मोजते. १९९१ मध्ये राज्यातले सुमारे ७६.६ टक्के पुरुष आणि ५२.३ टक्के स्त्रिया साक्षर होत्या. २००१ मध्ये हे प्रमाण ८६ आणि ६७ टक्के झालं, आणि २०११ मध्ये ८८.४ आणि ७५.९ टक्के. आलेखात वर एक निळी रेषा, खाली एक नारिंगी रेषा आणि उजवीकडे जाताना दोघींमधलं कमी होत गेलेलं अंतर.

पहिला प्रयत्न बहुधा असा असतो: ‘महाराष्ट्रातील स्त्री-पुरुष साक्षरतेचा आलेख.’ हे आलेखाचं शीर्षक झालं, आणि ते आलेखाच्या वर आधीच छापलेलं आहे. वाचक तेच दोनदा ऐकतो.

लिहिणारा थोडा मन लावून बसला की दुसरा प्रयत्न असा होतो: ‘आलेखात दोन रेषा आहेत. निळी रेषा वर असून ती डावीकडून उजवीकडे चढत जाते. नारिंगी रेषा खाली असून तीही चढत जाते.’ यात कष्ट आहेत, पण निळा आणि नारिंगी हे रंग फक्त दोन रेषा वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून निवडलेले होते. ऐकणाऱ्याला त्या खुणेचा उपयोग नाही. त्याला सरळ ‘पुरुष’ आणि ‘स्त्रिया’ सांगावं.

आता आलेखाच्या शेजारचा परिच्छेद वाचू. त्यात म्हटलं असेल की वीस वर्षांत स्त्री-पुरुषांमधली दरी जवळपास निम्मी झाली, तर आलेख या विधानाचा पुरावा म्हणून आला आहे. मग मजकूर असा हवा:

‘रेषालेख: महाराष्ट्रातील स्त्री-पुरुष साक्षरतेतलं अंतर १९९१ मध्ये सुमारे २४ टक्क्यांचं होतं, २००१ मध्ये १९ आणि २०११ मध्ये साडेबारा टक्क्यांचं उरलं. या काळात पुरुषांची साक्षरता ७७ वरून ८८ टक्क्यांवर, तर स्त्रियांची ५२ वरून ७६ टक्क्यांवर गेली. सर्व आकडे पुढच्या तक्त्यात आहेत.’

पण समजा परिच्छेद वेगळा आहे. लेखिकेचं म्हणणं असं, की दरी कमी झाली म्हणून समाधान मानू नका, कारण स्त्रियांची वाढ मंदावली आहे. आकडे तिच्या बाजूने आहेत. पहिल्या दशकात स्त्रियांच्या साक्षरतेत जवळपास १५ टक्क्यांची भर पडली, दुसऱ्या दशकात ९ टक्क्यांचीच. तरीही दरी कमी झाली, कारण पुरुषांची वाढ त्याहून मंदावली: साडेनऊ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांच्याही खाली. आलेख तोच, पण इथे त्याचा मजकूर दशकागणिक झालेली वाढ सांगेल. अंतर एका वाक्यात येईल आणि पुढे जाईल. म्हणूनच आलेख काढणाऱ्या ग्राफिक कलाकारावर ऑल्ट टेक्स्टचं काम सोपवणं मला पटत नाही. परिच्छेद ज्याने लिहिला, त्यानेच ते वाक्य लिहावं. तो आलेख तिथे का ठेवला, हे त्यालाच नेमकं ठाऊक असतं.

त्याच वेळी आलेखात जे नाही ते मजकुरात घुसवू नये. उभा अक्ष शून्याऐवजी ५० पासून सुरू केला तर रेषा कड्यासारख्या चढलेल्या दिसतात. ते पाहून ‘साक्षरतेत प्रचंड झेप’ असं लिहायचा मोह होतो. आकडा द्यावा, विशेषण टाळावं. दरी का कमी झाली याची कारणंही ऑल्ट टेक्स्टमध्ये येऊ नयेत. डोळस वाचकाला ती आलेखात दिसत नाहीत आणि तशी ती अहवालाच्या मुख्य मजकुरातच असायला हवीत.

किती लांब लिहायचं? साधारण दोन-तीन वाक्यं. याला कारण आहे. ऑल्ट टेक्स्ट हा सलग मजकूर असतो. त्यात उपशीर्षक, यादी, तक्ता यांतलं काही घालता येत नाही. पुष्कळदा तो एका दमात वाचला जातो आणि मधला एखादा आकडा निसटला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं. आपल्या आलेखात सहाच आकडे होते. राज्याचा रंगीत नकाशा असेल, तर २०११ च्या जनगणनेतले ३५ जिल्हे एका दमात ऐकवून काही साधत नाही. तिथे ‘नंदुरबार सर्वांत मागे, सुमारे ६४ टक्के, मुंबई उपनगर सर्वांत पुढे, सुमारे ९० टक्के’ एवढं सांगून जिल्हावार आकडे खऱ्या तक्त्यात द्यावेत. खरा म्हणजे वर्डमधला तक्ता, तक्त्याचं छायाचित्र नव्हे. खऱ्या तक्त्यात वाचक बाणांच्या कळांनी एका रकान्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो, धुळ्याचा आकडा शोधून नाशिकच्या आकड्याशी ताडून पाहू शकतो. असा तक्ता डोळस वाचकांनाही हवाच असतो.

छायाचित्राचंही असंच. याच अहवालात एका शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाचा फोटो आहे. ‘शाळेतील स्वच्छतागृह’ असं लिहिलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, शाळेत सोय आहे. फोटोत मात्र दाराला गंजलेलं कुलूप आहे आणि दारासमोर गुडघाभर गवत वाढलं आहे. लेखिकेने तो फोटो नेमका त्यासाठीच घेतला. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला गंजलेलं कुलूप, दारासमोर गुडघाभर गवत’ एवढ्या शब्दांत पुरावा पोहोचतो. फोटोखालच्या ओळीत शाळा कोणत्या तालुक्यातली हे दिलं असेल, तर ते इथे पुन्हा नको, कारण स्क्रीन रीडर ती ओळही वाचणारच आहे. ‘फोटोमध्ये दिसत आहे की’ अशी सुरुवातही नको. ‘ग्राफिक’ हा शब्द त्याने आधीच उच्चारलेला असतो. आणि फोटोतली मुलगी दुःखी आहे की नुसती उन्हामुळे डोळे बारीक करून पाहते आहे, हे आपल्याला माहीत नसेल तर तिच्या मनातलं लिहू नये.

पानांच्या कडेची वेलबुट्टी, प्रकरणांमधली रेघ, पार्श्वभूमीची रंगीत पट्टी यांना मजकूर मुळीच देऊ नये. वर्डमध्ये चित्रावर उजवी क्लिक केली की `View Alt Text`, जुन्या आवृत्तीत `Edit Alt Text`, असा पर्याय येतो. त्यातच `Mark as decorative` अशी खूण करायची सोय आहे. ती केली की वाचकाला प्रत्येक पानावर ‘फुलांची नक्षी’ ऐकावी लागत नाही.

मराठी अहवालांत एक खास अडचण येते, ती फॉन्टची. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो, म्हणजे निरर्थक अक्षरांची माळ ऐकू येते. ऑल्ट टेक्स्टच्या रकान्यात फॉन्ट निवडता येत नाही, त्यामुळे तिथे ही गफलत टाइप करतानाच दिसते. मुख्य मजकुरात ती दिसत नाही. सगळा अहवाल जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी तो युनिकोडमध्ये आणावा लागतो. नुसते ऑल्ट टेक्स्ट सुधारून भागत नाही.

दुसरी गफलत शेवटच्या क्षणी होते. वर्डमध्ये नीट लिहिलेले ऑल्ट टेक्स्ट पीडीएफमध्ये जाताना हरवतात, कारण घाईत `Microsoft Print to PDF` वापरलं जातं. त्यातून पान छापल्यासारखं बाहेर पडतं, चित्रामागचा मजकूर मागेच राहतो. त्याऐवजी सेव्ह करताना पीडीएफ निवडावं आणि पर्यायांमध्ये `Document structure tags for accessibility` ही खूण आहे ना, ते पाहावं. वर्डमधली चित्रं मजकुराच्या ओळीत, म्हणजे `In Line with Text` ठेवावीत. तरंगती ठेवलेली चित्रं पुष्कळदा भलत्याच जागी वाचली जातात. तीन बाण आणि चार चौकोन जोडून केलेली आकृती असेल, तर सगळे तुकडे एकत्र गटात बांधून त्या गटाला एकच मजकूर द्यावा. नाहीतर वाचकाला सात वेळा ‘ग्राफिक’ ऐकावं लागतं.

तयार झालेली पीडीएफ एनव्हीडीएमध्ये उघडून `G` ही कळ दाबत गेलं की एकेका चित्रावर थांबता येतं. काय सुटलं, कुठे इंग्रजी फाइलचं नाव उरलं, ते लगेच कळतं. मजकूर अर्थ पोहोचवतो की नाही, हे मात्र असं कळत नाही. त्यासाठी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या वाचकाला ते पान ऐकायला द्यावं, त्याच्या वेळेचं मानधन द्यावं, आणि नंतर एवढंच विचारावं की आलेखातून काय समजलं. ‘दोन रेषा होत्या, दोन्ही चढत होत्या’ असं उत्तर आलं तर मजकूर पुन्हा लिहायचा. ‘दरी निम्मी झाली खरी, पण दुसऱ्या दशकात बायकांची वाढ मंदावली आणि पुरुषांची तर फारच’ असं तो म्हणाला, तर त्या पानाचं काम झालं. पुढचं पान घ्यावं.