एका ताऱ्याची खंडणी

अमरावतीतील एखादा दवाखाना किंवा अकोल्यातील छोटी खानावळ घ्या. एका रात्रीत गुगलवर अनोळखी नावांनी एकच तारा देणारे दहा अभिप्राय उमटतात. पाठोपाठ निरोप येतो : पैसे द्या, नाहीतर आणखी टाकू. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील नामवंत उपाहारगृहांकडे याच रीतीने ७५ डॉलरचे गिफ्ट कार्ड मागण्यात आले होते.

कायद्याला हा प्रकार नवा नाही. बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध करण्याची धमकी देऊन पैसे उकळणे, हे १८६० च्या भारतीय दंड संहितेत खंडणीचे पहिलेच उदाहरण होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्येही ते कायम आहे. पैसे उकळल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे हाती न पडताही, खंडणीसाठी भीती घातल्याबद्दल दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजेच तक्रारीसाठी आधी पैसे गमावावे लागत नाहीत.

मात्र नाराज ग्राहकाचा कडवट अभिप्राय हा खंडणीचा गुन्हा नव्हे. पैशांची मागणी आणि धमकी हाच त्याचा पुरावा. म्हणून तो निरोप पुसू नये. क्रमांक व वेळ दिसेल असा त्याचा स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांकडे किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी आणि गुगललाही अभिप्रायांबरोबर ही धमकी कळवावी.