चार, आठ, सोळा का उरतात?

वर्गाला एवढेच सांगायचे: १ ते ४० मधल्या कोणत्या संख्या लागोपाठच्या दोन किंवा अधिक धन पूर्णांकांची बेरीज म्हणून लिहिता येतात ते शोधा. सूत्र द्यायचे नाही. ९ म्हणजे ४ + ५, आणि २ + ३ + ४ सुद्धा. १५ तर तीन प्रकारे येतो: ७ + ८, ४ + ५ + ६ आणि १ + २ + ३ + ४ + ५.

पहिली अटकळ लवकर येते: विषम संख्या जमतात, सम जमत नाहीत. अर्धी गोष्ट खरी आहे. शेजारच्या दोन संख्यांच्या बेरजेतून ३, ५, ७, ९ अशा १ सोडून सगळ्या विषम संख्या मिळतात. उरलेली अर्धी मात्र ६ वर कोसळते, कारण १ + २ + ३ = ६. मग ४ आणि ८ पाहून कुणी म्हणते, चारच्या पाढ्यातल्या जमत नसतील. तेही १२ = ३ + ४ + ५ ने मोडते. मोडलेली अटकळ खोडू देऊ नये, असे मला ठामपणे वाटते. तिच्यापुढे तिला मोडणारे उदाहरण लिहावे, म्हणजे पुढची अटकळ आधी त्या उदाहरणावर घासून बघता येते.

शेवटी उरतात १, २, ४, ८, १६, ३२. दुप्पट होत जाणाऱ्या या संख्या पाहून मुलांची खात्री पटते. पण ६४ तपासून तोही जमला नाही, तरी कारण कळलेले नसते.

कारण जोड्या लावल्या की दिसते. बेरीज एकदा सरळ आणि तिच्याखाली एकदा उलटी लिहा. प्रत्येक उभ्या जोडीची बेरीज पहिल्या आणि शेवटच्या संख्येच्या बेरजेएवढीच येते. म्हणून दुप्पट बेरीज = किती संख्या घेतल्या × (पहिली + शेवटची). संख्या सम असतील तर कंसातली बेरीज विषम येते, विषम असतील तर सम. म्हणजे गुणाकारात १ पेक्षा मोठा एक विषम अवयव असतोच. १६ च्या दुपटीला, ३२ ला, असा अवयवच नाही.

उलट बाजूही तपासायला हवी: विषम अवयव असला की संख्या जमतेच का? १४ घ्या. तो ७ × २, म्हणून २ मध्यभागी ठेवून सात संख्या मांडा: −१, ०, १, २, ३, ४, ५. बेरीज १४. आता −१ आणि १ एकमेकांना खोडतात, शून्य निघून जाते, आणि हाती राहते २ + ३ + ४ + ५. म्हणूनच सुरुवातीला ‘धन’ ही अट घालावी लागते. ऋण संख्यांना मोकळीक दिली, तर −३ पासून ४ पर्यंतची बेरीजही ४ येते आणि कुठलीच संख्या उरत नाही.

यानंतर वर्गातून हमखास प्रश्न येतो की एखादी संख्या किती प्रकारे लिहिता येईल. १५ चे १ सोडून विषम विभाजक ३, ५, १५, आणि प्रकारही तीन. ४५ चे पाच विभाजक आहेत: ३, ५, ९, १५, ४५. मुलांनी शोधलेल्या बेरजाही पाच निघतात: २२ + २३, १४ + १५ + १६, ७ ते ११, ५ ते १० आणि १ ते ९.