कधीच न उतरणारी रेघ

10 सप्टेंबर 2013 रोजी अ‍ॅपलच्या टिम कुक यांनी मंचावर आयफोनच्या विक्रीचा आलेख दाखवला. रेघ नुसती चढत गेलेली, आणि उभ्या अक्षावर एकही आकडा नाही. आलेख खोटा नव्हता. 2007 पासून विकलेल्या सगळ्या फोनांची ती चढती बेरीज होती. पण अशी बेरीज खाली येऊच शकत नाही. तिमाहीत एकच फोन खपला तरी रेघ वरच जाणार.

सादरीकरण बाहेर पाठवण्याआधी तपासायला बसलेल्या माणसाला अशी रेघ दिसली, की त्याने आधी वजाबाकी करावी. यंदाच्या बेरजेतून मागची बेरीज वजा केली की त्या तिमाहीची खरी विक्री हाती येते. अ‍ॅपलने स्वतःच जाहीर केलेले आकडे असे होते: ऑक्टोबर ते डिसेंबर 2012 मध्ये 4.78 कोटी, पुढच्या तिमाहीत 3.74 कोटी आणि एप्रिल ते जून 2013 मध्ये 3.12 कोटी. म्हणजे रेघ चढत असताना विक्री सलग दोनदा उतरली होती.

तर मग ‘विक्री कोसळली’ म्हणायचे का? तेही नाही. टीकाकारही सोयीची तुलना निवडतात, आणि ती पकडणे जास्त अवघड, कारण तिला प्रामाणिकपणाचा वास असतो. डिसेंबरची तिमाही नव्या फोनची आणि नाताळची. तिच्याशी जून ताडून पाहणे म्हणजे मिठाईवाल्याची दिवाळी आषाढाशी तोलणे. जूनशी जूनच तोलावा. एप्रिल ते जून 2012 मध्ये 2.60 कोटी फोन विकले गेले होते. म्हणजे वाढ 20 टक्के. चांगलीच म्हणायची!

आता हेच दोन आकडे स्तंभांत मांडा आणि अक्ष 2.5 कोटींपासून सुरू करा. एक स्तंभ 0.10 उंच, दुसरा 0.62. वाढ 20 टक्क्यांची, पण डोळ्यांना दिसते सहापट. स्तंभाची उंची हेच त्याचे म्हणणे असते, म्हणून स्तंभ शून्यापासूनच हवेत. रेषालेखाला ही सक्ती नाही. तिथे उतार वाचला जातो. ताप 98 वरून 102 अंशांवर गेला, तर शून्यापासूनचा आलेख उलट आजारच लपवील. मात्र तिथेही अक्षावर आकडे हवेतच.

राहिले शीर्षक. ‘आयफोनची मागणी 20 टक्क्यांनी वाढली’ असे कुणी लिहिले, तर ‘मागणी’वर काट मारावी. हे आकडे दुकानांना आणि मोबाइल कंपन्यांना विकलेल्या फोनांचेही आहेत. त्यातले काही फडताळातच असू शकतात. त्याऐवजी लिहावे: ‘एप्रिल–जून 2013: विक्री 3.12 कोटी, गेल्या वर्षी याच काळात 2.60 कोटी.’ विपणनवाल्यांना ते फिके वाटेल.