येथे क्लिक करा!

संगमनेरचे आमचे दादा अंध आहेत. संगणकावरचा मजकूर त्यांना 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. परवा त्यांच्या अर्जाला एका कचेरीच्या यंत्राने आपोआप धाडलेले लांबलचक उत्तर आले. मला त्यात ठळक मथळे दिसत होते. दादांनी पुढच्या मथळ्यावर उडी घेण्यासाठी `H` दाबले, तर "पुढे मथळा नाही"! अक्षरे नुसतीच मोठी केलेली. `<h2>` ही मथळ्याची खूण दिलीच नव्हती. मग `Insert+F7` दाबून दुव्यांची यादी काढली. "येथे क्लिक करा", चार वेळा! यांत पावती कुठली अन् अपील कुठले? दुव्यावरच 'अपील दाखल करा' लिहिले असते, तर यादीतच सापडते. अखेर सारे पत्र पहिल्यापासून ऐकले. शेवटच्या ओळीत अपिलाची मुदत निघाली. उरला होता एकच दिवस!