कानात तेल घालून

ऐकूनही न ऐकल्यासारखं करणारा माणूस मराठीत कानात तेल घालून बसतो. वाक्प्रचार घडवणाऱ्याचं निरीक्षण चोख असावं, कारण मळाने दाटलेल्या कानात तेल किंवा थेंब पडले की सुरुवातीला कधी कधी खरोखरच आणखी कमी ऐकू येतं. घाबरून लोक इथेच थेंब सोडून देतात.

पिचकारीने कान धुण्याआधी ऑलिव्ह तेल घालावं की औषधाच्या दुकानातले थेंब? उत्तर मळातच दडलेलं आहे. नाव मळ असलं तरी त्याचा मोठा भाग म्हणजे कानाच्या नळीतल्या त्वचेच्या झडलेल्या पेशी, ग्रंथींच्या स्निग्ध स्रावाने एकमेकींना चिकटलेल्या. परीक्षानळीत असा गोळा तेलात टाकला तर तो जवळपास जसाच्या तसा राहतो. पाण्यात मात्र पेशी भिजवलेल्या वाटाण्यांसारख्या फुगतात आणि गोळा फुटू लागतो. म्हणजे तेल मळ विरघळवत नाही, ते फक्त वंगणाचं काम करतं.

मग पाण्यातले थेंब जिंकायला हवेत! पण माणसांच्या कानांनी परीक्षानळीचं ऐकलं नाही. २०१८ साली कोक्रेन संस्थेने १० चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा कोणतेच थेंब दुसऱ्यांहून सरस ठरले नाहीत. साधं पाणी आणि सलाईनही त्यांच्या बरोबरीने टिकले. महागड्या बाटलीवरच्या दाव्यांकडे म्हणूनच जरा तिरक्या नजरेने पाहिलेलं बरं.

समजा, आजोबांचा कान सोमवारी धुवायचा आहे. मग बुधवारी-गुरुवारीच सुरुवात करावी. तेलाची बाटली थोडा वेळ मुठीत धरून कोमट करायची, गॅसवर नाही. आजोबांना कुशीवर झोपवून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, दोन-तीन थेंब सोडायचे आणि पाच-दहा मिनिटं तसंच पडू द्यायचं. असं दिवसातून तीन-चार वेळा. कापसाचा बोळा नको, तो तेल शोषून घेतो.

हे सगळं पडदा शाबूत असेल तरच. लहानपणी कान फुटून वाहत असे, कानाचं ऑपरेशन झालंय किंवा पडद्यात ग्रोमेटची नळी बसवली आहे, अशांनी तज्ज्ञांनी तपासल्याशिवाय एकही थेंब घालू नये. कान ठणकत किंवा वाहत असेल तरीही नाही. काही थेंबांमध्ये बदामाचं किंवा शेंगदाण्याचं तेल असतं. त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी लेबल वाचावं. नळीत इसब असेल तर औषधी थेंब चांगलेच झोंबतात.

पडद्याला भोक असल्याची एक खूण घरीही कळते. कानात घातलेल्या थेंबांची चव घशात लागली, तर ते मध्यकर्णातून घशाकडे जाणाऱ्या नळीने खाली उतरलेले असतात. तिथेच थांबायचं, आणि पिचकारीही रद्द करायची.